परतावा निघाला, पोचला नाही

प्राप्तिकराचा परतावा उशिरा आला की आपला पहिला संशय सरकारच्या दानतीवर जातो. ‘घेताना कसं पटापट घेतात’ हे म्हणायला पुरावा लागत नाही आणि ऐकणाऱ्यांपैकी कुणी मागतही नाही. साताऱ्याच्या माझ्या आत्याचंही हेच मत होतं. ती जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. एकदा दिलेले मार्क तिने कधी बदलले नाहीत, तिथे मत काय बदलणार?

आत्याचा हिशेब साधा होता. आर्थिक वर्ष २०२३-२४ मध्ये तिला पेन्शन आलं ३ लाख ६० हजार. एफडीचं व्याज २ लाख ८६ हजार. पेन्शनमधून ५० हजारांची प्रमाणित वजावट गेली की उरलं ५ लाख ९६ हजार. नव्या करप्रणालीत तेव्हा ७ लाखांपर्यंत कर माफ होता, म्हणजे तिचा कर शून्य. दर वर्षी ती एप्रिलमध्ये बँकेत १५एचचा फॉर्म देऊन ‘माझ्या व्याजातून टीडीएस कापू नका’ असं कळवायची. पण मधल्या काळात तिची बँक दुसऱ्या मोठ्या बँकेत विलीन झाली. विलीनीकरणात फर्निचर आलं, शिपाई आले, आत्याचा १५एच कुठे गेला ते कुणाला सांगता आलं नाही. नव्या बँकेने दहा टक्क्यांच्या दराने २८,६०० रुपये कापून सरकारात भरले. ते परत मागायला आत्याने मुदतीत विवरणपत्र भरलं, पडताळलं आणि वाट बघायला लागली.

ऑगस्टमध्ये तिचा फोन आला. “अरे, मला इन्कम टॅक्सची नोटीस आलीय. शेजारी कुणाला बोललेले नाही.”

नोटीस वगैरे काही नव्हती. कलम १४३(१) खालची इंटिमेशन होती. विवरणपत्र तपासून झालं की बेंगळुरूचं सीपीसी प्रत्येकाला ती पाठवतं, मग परतावा असो, मागणी असो किंवा काहीच नसो. पण पाकिटावर सरकारचं नाव असलं की मध्यमवर्गीय माणूस आधी घाबरतो आणि मग वाचतो. इथे तर वाचताही येईना, कारण पीडीएफ उघडायला पासवर्ड हवा. पॅन लहान अक्षरांत आणि त्याला जोडून जन्मतारीख, म्हणजे साधारण abcde1234f01061952 असं काहीतरी. आत्या तीन तीनदा जन्मतारीख घालत होती आणि फाईल उघडत नव्हती.

“कुठली तारीख घालतेस?”

“माझी. नागपंचमीच्या आदल्या दिवसाची.”

“आत्या, शाळेतली घाल.”

फाईल उघडली. महाराष्ट्रात एक अख्खी पिढी १ जूनला जन्मलेली आहे. पहिलीत नाव घालताना गुरुजींनी वय जुळवून तीच तारीख लिहिली आणि पुढे पॅनवरही तीच गेली. आत्याने स्वतः नोकरीत किती मुलांना १ जूनला जन्माला घातलं, हे मी विचारलं नाही.

इंटिमेशनमध्ये दोन रकाने असतात. डावीकडे तुम्ही सांगितलेले आकडे, उजवीकडे त्यांनी काढलेले. परताव्याचं घोडं अडलं असेल तर आधी हे दोन रकाने ओळीने ताडून बघायचे. टीडीएसच्या ओळीत उजवीकडे आकडा कमी दिसला, तर बँकेने कापलेले पैसे तुमच्या पॅनवर चढलेलेच नाहीत, असं बहुतेक वेळा निघतं. मग भांडण बँकेशी. जुनी थकबाकी परताव्यातून वळती करून घेतली असेल, तर तेही शेवटच्या ओळींत कळतं. आत्याचे दोन्ही रकाने मात्र तंतोतंत जुळत होते. वर कलम २४४ए खालचं व्याजही होतं. २८,६०० वर महिन्याला अर्धा टक्का म्हणजे १४३ रुपये. एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत पाच महिन्यांचे ७१५. एकूण २९,३१५. आणि परतावा दहाच्या पटीत द्यायचा नियम असल्याने झाले २९,३२०. सरकारने आपल्याला पाच रुपये वरचे दिले, याचं आत्याला इतकं कौतुक वाटलं की दोन दिवस तिने कुणावर टीका केली नाही.

मग सप्टेंबर गेला. दिवाळी गेली. पैसे आले नाहीत.

इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. इंटिमेशन आली म्हणजे परतावा किती ते ठरलं. तो खात्यात जमा करणं ही वेगळी पायरी. ते काम रिफंड बँकर म्हणून स्टेट बँक करते आणि त्याची स्थितीही वेगळी कळते. पोर्टलवर विवरणपत्रापुढे ‘प्रक्रिया पूर्ण, परतावा देय’ असं दिसत असतानाच परताव्याच्या चौकशीत ‘अयशस्वी’ असं दिसू शकतं, आणि दोन्ही खरं असतं. आत्या रोज पहिलं वाचायची आणि समाधानाने पोर्टल बंद करायची.

परतावा फसल्याचं मी सांगितलं तेव्हा तिने तोडगा काढला. “बाळू बेंगळुरूलाच असतो ना? शनिवारी सुट्टी असते त्याला. जाऊन विचारू दे की त्या ऑफिसात.”

बाळू म्हणजे आत्याचा मुलगा. तिथल्या एका कंपनीत आहे. त्याला जायला काहीच हरकत नव्हती, पण सीपीसीची सगळी रचनाच अशी की करदात्याने तिथे प्रत्यक्ष हजर व्हायचं नाही. साहेबांना भेटून काम होत नाही, असं सरकारी कार्यालय असू शकतं यावर आत्याचा आजही विश्वास नाही. बाळूच जायला कंटाळला, असं ती धरून चालली आहे.

पोर्टलवर प्रोफाइलमध्ये My Bank Account नावाचं पान आहे. परतावा अडकलेल्यांपैकी बरेच जण सगळं पोर्टल फिरतात आणि नेमक्या याच पानावर जात नाहीत. परतावा तुमच्या पॅनला जोडलेल्या आणि पोर्टलवर आधी व्हॅलिडेट झालेल्या खात्यातच जमा होतो. विवरणपत्रात खाते क्रमांक लिहिला एवढ्याने भागत नाही. शिवाय आज व्हॅलिडेट असलेलं खातं उद्या तसंच राहील, याचीही खात्री नाही. आत्याचं खातं ‘फेल्ड’च्या यादीत जाऊन बसलं होतं. कारण सरळ होतं: विलीनीकरणानंतर आयएफएससी बदलला आणि पोर्टलवर जुनाच राहिला. एटीएममधून पैसे येत होते, पेन्शन जमा होत होतं, दूधवाल्याला मोबाइलवरून पैसे जात होते, त्यामुळे खात्यात काही बिघडलंय अशी शंका यायचं कारणच नव्हतं.

नव्या चेकबुकावरून आयएफएससी घातला आणि पुन्हा व्हॅलिडेशनला टाकलं. काही दिवसांनी उत्तर आलं: नाव जुळत नाही.

आता पॅनवर आत्याचं नाव, मग काकांचं नाव, मग आडनाव. सगळं पूर्ण. बँकेत काय आहे ते बघायला मी साताऱ्याला गेलो. काउंटरवरच्या मॅडमनी स्क्रीन आमच्याकडे वळवली. तिथे आधी आडनाव, मग आत्याचं नाव, मग काकांचं नुसतं आद्याक्षर, आणि या सगळ्याच्या आधी, नावाच्या पहिल्याच चौकटीत, तीन रोमन अक्षरं: SOU.

१९८० च्या आसपास खातं उघडताना कुणा कारकुनाने आदराने ‘सौ.’ लिहिलं. लेजर जाऊन संगणक आला, तेव्हा टाइप करणाऱ्याने जे दिसलं ते टाइप केलं. बँक विलीन झाली तेव्हा त्यासकट विलीन झाली. संगणकाला ‘सौ.’ हा मान आहे हे कळत नाही. त्याच्या दृष्टीने सौ हे बाईचं पहिलं नाव. काकांना जाऊन आठ वर्षं झाली.

आत्या स्क्रीनकडे बघत म्हणाली, “बँकेत तरी आहेत म्हणायचे.”

मॅडम हसल्या नाहीत, पण फॉर्म लगेच काढून दिला. केवायसीत नाव दुरुस्त करायला पॅन आणि आधारच्या स्वाक्षरी केलेल्या प्रती लागल्या. पॅनवर जसं आहे तसंच, त्याच क्रमाने, आद्याक्षर न वापरता नाव लिहून घ्या, असं मी दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगितल्यावर आत्या म्हणाली, “त्या शिकलेल्या आहेत.”

बँकेतली दुरुस्ती दिसायला लागल्यावर पुन्हा व्हॅलिडेशन केलं. या वेळी हिरव्या रंगात ‘व्हॅलिडेटेड’ आलं. शेजारी परताव्यासाठी खातं नेमायचं एक बटण असतं, तेही चालू करावं लागतं. खातं व्हॅलिडेट आहे पण परताव्यासाठी नेमलेलं नाही, अशा अवस्थेत माणसं खुशाल महिनोन्‌महिने वाट बघतात. आणि एवढं सगळं करूनही फसलेला परतावा आपल्या पायांनी परत निघत नाही. Services मध्ये जाऊन Refund Reissue ची विनंती करावी लागते, खातं निवडावं लागतं आणि ती विनंती ई-पडताळावी लागते. व्हॅलिडेशनचं हिरवं दिसायच्या आत हे करू नये. परतावा दुसऱ्यांदा फसतो.

पडताळणीला आधारचा ओटीपी हवा. आत्याच्या आधारला मोबाइल कुणाचा? बाळूचा. म्हणजे परतावाही बेंगळुरूत आणि ओटीपीही बेंगळुरूत. बाळू मीटिंगमध्ये होता. ओटीपीची मुदत संपली. पुन्हा मागवला. त्याने कुजबुजत सहा आकडे सांगितले, आत्याने ते शाळेत हजेरी घ्यावी तसे मोठ्याने म्हटले आणि विनंती गेली.

त्याच आठवड्यात आत्याला एसएमएस आला: ‘आपला रिफंड मंजुर झाला आहे, खाते क्रमांक तपासण्यासाठी लिंकवर क्लिक करा.’ इतके दिवस ज्या बातमीची वाट बघायची, तीच बातमी. सुदैवाने त्यात ‘मंजूर’ऐवजी ‘मंजुर’ असं ऱ्हस्व लिहिलं होतं. आत्याने तो चोर शुद्धलेखनावरून पकडला. बाकीच्यांनी एवढंच लक्षात ठेवावं की प्राप्तिकर खातं पिन, पासवर्ड किंवा कार्डाचा तपशील एसएमएस-ईमेलवर विचारत नाही आणि परतावा द्यायला कुठल्या लिंकची त्याला गरज पडत नाही.

खरे पैसे जानेवारीत जमा झाले. २९,३२०, पै न्‌ पै तेवढेच. आत्याचा पहिला प्रश्न: “ऑगस्टनंतरचं व्याज?” करदात्यामुळे झालेल्या उशिराचा काळ व्याजातून वगळायची तरतूद त्याच २४४ए मध्ये आहे. बँक विलीन झाली रिझर्व्ह बँक आणि सरकारच्या संमतीने, ‘सौ.’ लिहिलं कारकुनाने, त्यात करदात्याचा दोष काय, हा आत्याचा युक्तिवाद मला बिनतोड वाटला. पण त्यासाठी तक्रार करून तिला नवा पत्रव्यवहार सुरू करायचा नव्हता.

परताव्याच्या मूळ रकमेवर कर नसतो, व्याजावर असतो. ते ७१५ रुपये पुढच्या विवरणपत्रात ‘इतर उत्पन्ना’त दाखवायचे, हे मी आत्याला सांगितलं. तिने मुद्दाम एआयएस उघडून बघितलं. खात्याने ते तिच्या नावावर आधीच चढवून ठेवले होते.