फडक्याची चौघडी

आमचे भाऊजी टापटिपीचे आणि ताई गबाळी, असा आमच्या नातेवाइकांचा एकमुखी निकाल आहे. पण हा निकाल देणारे सगळे पाहुणे हॉलमध्ये बसून पोहे खाऊन गेलेले असतात. मी पडले धाकटी बहीण. मला सोफ्यावर कोणी बसवत नाही, थेट ओट्यापाशी नेऊन कोथिंबीर निवडायला देतात. त्यामुळे या खटल्यातला पुरावा मी नाकाजवळून पाहिलेला आहे.

भाऊजींचा ओटा दृष्ट लागावी असा. रात्री जेवणं झाली की ते शर्टाच्या बाह्या सरसावतात आणि एक फडकं घेतात. त्या एका फडक्याने आधी उतू गेलेल्या दुधाची शेगडी पुसतात, मग ओटा, मग जेवणाचं टेबल, जाता जाता फ्रिजचं हँडल, आणि हात फिरतोच आहे तर भाजी चिरायचा पाटही. शेवटी ते फडकं नळाखाली धरतात, पिळतात, कोपऱ्याला कोपरा जुळवून त्याची चौघडी करतात आणि नळावर टाकतात. चारही कडा सरळ. मग दोन पावलं मागे सरून तिच्याकडे बघतात. ताजमहाल पूर्ण झाल्यावर शहाजहानही इतका वेळ उभा राहिला नसेल.

आता चौघडी म्हणजे ओल्या कापडाचे चार थर. बाहेरचा थर सुकतो, आतले सकाळपर्यंत ओलेच राहतात. त्यात दुधाचा अंश आहे, डाळीचे कण आहेत, आणि डोंबिवलीची दमट हवा फुकट आहे. जंतूंना संसार थाटायला आणखी काय लागतं? सकाळी ते फडकं उलगडलं की कुबट वास येतो. भाऊजी म्हणतात, ‘‘पाइपचा वास आहे.’’ त्यांनी आजवर दोनदा प्लंबर बोलावला. प्लंबरने दोन्ही वेळा पैसे घेतले, पण फडकं हुंगलं नाही.

जर्मनीतल्या संशोधकांनी २०१७ साली भांडी घासायचे १४ वापरलेले स्पंज तपासले. त्यांत जंतूंचे ३६२ प्रकार सापडले. ते सगळेच काही रोग पसरवणारे नव्हते, बरेचसे निरुपद्रवी होते. पण मला भावला तो पुढचा भाग. ‘आम्ही आमचा स्पंज नियमित निर्जंतुक करतो’ असं अभिमानाने सांगणाऱ्या घरांतल्या स्पंजांत जंतूंची संख्या काही कमी भरली नाही. मी ही माहिती भाऊजींना वाचून दाखवली. ते म्हणाले, ‘‘जर्मन लोक स्पंजची घडी घालत नसतील.’’

ताईची पद्धत बघवत नाही. ती फडकं पिळते आणि बाल्कनीच्या दांडीवर नुसतं भिरकावते. ते अर्धं दांडीवर असतं, अर्धं तुळशीवर, आणि वारा सुटला की खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या पापडांवर. पण ते पसरलेलं असतं, ऊन लागतं आणि दुपारपर्यंत कडकडीत वाळतं. आठवड्यातून एकदा, म्हणजे आठवण झाली तर, ती सगळी फडकी जुन्या पातेल्यात सोडा टाकून उकळते. तेव्हा स्वयंपाकघर धोबीघाट होतं आणि भाऊजी दोन तास खाली सोसायटीच्या बाकावर जाऊन बसतात.

ताईला मी निर्दोष सोडत नाही. तिच्या फ्रिजच्या मागच्या रांगेतला एक डबा मी उघडला होता. आतली मटकीची उसळ होती की नुसती बुरशी, यावर आम्हा बहिणींचं एकमत झालं नाही. तिच्या चहाच्या कपांबद्दल तर बोलायलाच नको. ते घरभर असतात, अगदी कपड्यांच्या कपाटातसुद्धा.

दिवाळीची साफसफाई मात्र भाऊजींच्या अखत्यारीत. गेल्या वर्षी त्यांना संडास-बाथरूमच्या टाइल्स ‘आरशासारख्या’ करायच्या होत्या. आधी त्यांनी फरशीवर ब्लीचिंग पावडर पसरली. डाग हटेनात, म्हणून वरून फरशी घासायचं ॲसिड ओतलं. दोन जालीम औषधं एकत्र केली की गुण दुप्पट, हा आपल्याकडचा घरगुती हिशेब. प्रत्यक्षात ब्लीचिंग पावडरवर ॲसिड पडलं की क्लोरीन वायू सुटतो, आणि तो हवेपेक्षा जड असल्याने खालीच साचतो. भाऊजी तर उकिडवे बसून घासत होते. डोळे चुरचुरू लागले, घसा धरला, खोकल्याची उबळ थांबेना. तरी आतून आवाज येतच होता, ‘‘बघ, मळ कसा सुटतोय!’’

ताईने दार ढकललं, दंडाला धरून त्यांना बाहेर ओढलं, मागे वळून बाथरूमकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि घरातल्या सगळ्या खिडक्या उघडून दोघं जिन्यात जाऊन बसली. अगदी योग्य केलं. अशा वेळी आत थांबून बादल्या ओतण्यात अर्थ नसतो, आधी मोकळी हवा गाठायची. जिन्यात दम खात भाऊजींनी विचारलं, ‘‘अगं, माझ्या चपला सरळ ठेवल्यास ना?’’

आता मूळ मुद्दा. हे भांडण जंतूंवरून नाही हे एव्हाना लक्षात आलं असेल, कारण जंतू दोघांनाही दिसत नाहीत. भाऊजींना खुर्चीवर दोन कपडे पडले की खुपतं. ताईला खुर्चीच दिसेनाशी झाली की खुपतं. दोन कपडे आणि खुर्ची बुडणे यांच्यामध्ये चार-पाच दिवस जातात, आणि पहिल्याच संध्याकाळी भाऊजी कपडे उचलून मोकळे होतात. त्यामुळे ताईची सहनशक्ती संपायची वेळ येतच नाही. ‘‘तू कधीच आवरत नाहीस,’’ हे त्यांचं म्हणणं खरं. ‘‘तुम्ही वेळ कुठे देता?’’ हे तिचंही खरं. मग उचलणाऱ्याला वाटतं आपण राबतो, आणि दुसऱ्याला वाटतं घर आपोआप आवरलं जातं.

कॅनडातल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली ३७ जोडप्यांना घरातल्या कामांची यादी दिली आणि नवरा-बायकोला वेगवेगळं बसवून विचारलं, यातलं तुम्ही किती करता? दोघांची उत्तरं मिळवली, तर बहुतेक घरांत बेरीज शंभर टक्क्यांच्या वर गेली. कारण साधं आहे. आपण केलेलं काम आपल्याला आठवतं, दुसऱ्याचं आपण बघितलेलंच नसतं. मी हा प्रयोग जेवणाच्या टेबलावर केला. ओटा-भांडी-फडकी या खात्यात भाऊजींनी स्वतःला ऐंशी टक्के दिले, ताईने सत्तर. उरलेल्या उणे पन्नास टक्क्यांत कामवाल्या मावशी बसल्या. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. त्या भांडी विसळत होत्या. तिथूनच म्हणाल्या, ‘‘ताई, ते नळावरचं फडकं मी रोज गुपचूप बदलते. वास मारतो त्याला.’’

भाऊजींच्या चेहऱ्याकडे मी पाहिलं नाही. माणुसकी म्हणून.

पण त्याच रात्री त्यांनी घोषणा केली की, आता खुर्चीला हात लावणार नाही, बघू ताईला कधी खुपतं ते. पहिल्या दिवशी खुर्चीवर दुपट्टा आणि टॉवेल आले. दुसऱ्या दिवशी जीन्स, छत्री आणि इस्त्रीवाल्याचं गाठोडं. भाऊजी पेपर उलटा धरून वाचू लागले. तिसऱ्या रात्री दीड वाजता बेडरूममध्ये खुडबुड ऐकून ताईने दिवा लावला. भाऊजी अंधारात जीन्सची चौघडी घालत होते.

ताई कूस बदलत म्हणाली, ‘‘अहो, कशाला? उद्या सकाळी मी आवरणारच होते.’’