आजीची अर्जित रजा

आमच्या आस्थापना शाखेत रजेचा अर्ज आला की आधी नजर जाते ती ‘रजेचे कारण’ या रकान्यावर. बहुतेक जण तिथे ‘घरगुती काम’ लिहून मोकळे होतात. आवक-जावकच्या बाईंनी मात्र ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, ‘मुलीचे बाळंतपण, बंगळुरू’.

आता हे बसवायचं कुठल्या नियमात? महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 मध्ये बाळंत होणारीला रजा आहे, बाळंतपण करणारीला नाही. बालसंगोपन रजा आहे, 180 दिवसांची; पण मूल अठरा वर्षांचं होईपर्यंतच. लेक अठराव्या वर्षी आईच्या हातून सुटते असं ज्यांना वाटलं, त्यांची लेक तेव्हा बाळंत व्हायची असावी.

उरली अर्जित रजा. निवृत्तीला 300 दिवसांपर्यंतच्या शिल्लक रजेचे पैसे मिळतात, म्हणून ती खर्चायला जीव होत नाही. मी बाईंना हिशेब करून दिला. सोमवारी सुरू करून पाचव्या शुक्रवारी संपवली तर खात्यातून 33 दिवस जातात, कारण मधले शनिवार-रविवार रजेतच धरतात. पण आधीचे दोन आणि नंतरचे दोन सुट्टीचे दिवस परवानगीने जोडून मिळतात, ते खात्यातून जात नाहीत. म्हणजे 37 दिवस. सव्वा महिना जवळपास बसला.

गोची तारखेची होती. डॉक्टरांनी दिलेली 20 आणि बाई निघणार 17च्या सोमवारला जोडून. मी म्हटलं, “पहिलटकरणीचं बाळ तारीख उलटून आठवडाभरही लांबतं. तेवढी रजा वाया. दवाखान्यातले दिवस जावई निभावतील. घरी आल्यावर बाळाला न्हाऊ घालायला, रात्री दीड वाजता मांडीवर घ्यायला माणूस लागतं. रजा तेव्हापासून धरा.”

“भाऊसाहेब, तुम्हाला मुलगी आहे?”

“दोन्ही मुलगेच.”

“मग राहू दे,” असं म्हणून त्यांनी अर्ज माझ्याकडून ओढून घेतला आणि ‘मुख्यालय सोडण्याची परवानगी मिळावी’ ही राहिलेली ओळ खाली लिहिली. साहेबांनीही रजा हक्क म्हणून मागता येत नाही हे ऐकवलं, आणि ऐकवता ऐकवता सही केली.

बाळ 27ला आलं. तोवर आजींनी अळिवाचे लाडू करून, ते जावयांनी संपवून, पुन्हा केले. रजा संपण्याआधी मुदतवाढीचा अर्ज आला, आठ दिवसांचा. कारणाच्या रकान्यात या वेळी ‘घरगुती काम’ होतं. मी शेरा मारून वर पाठवला आणि फोन केला. अर्जासाठी नव्हे, जावक नोंदवहीच्या कपाटाची किल्ली सापडत नव्हती म्हणून. पलीकडे बाळ टाहो फोडत होतं.

“डाव्या खणात, शिक्क्याच्या डबीखाली,” बाई ओरडून म्हणाल्या. “आणि पाणी जरा कोमट करा!”

दुसरं वाक्य माझ्यासाठी नसावं.