खाल्ल्या मिठाचा खुलासा

लग्नात जेवून आलेला माणूस मांडवात आमटीला नावं ठेवत नाही. यजमान हात जोडून दारात उभा असतो आणि आपण म्हणतो, ‘जेवण फारच छान!’ आमटीबद्दलचं खरं मत परतीच्या लोकलमध्ये, वसई रोड मागे पडल्यावर बाहेर येतं. आपल्याकडची ही रीत जुनी आहे आणि तिच्यात खोटेपणापेक्षा सभ्यपणा जास्त आहे. खाल्ल्या मिठाला जागावं असं आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं असतं. पंचाईत होते ती फुकट जेवून त्याच जेवणावर चार लोकांसाठी लिहायला बसलेल्या माणसाची. त्याला मांडवातून न हलता लोकलमधलं बोलायचं असतं.

माझ्या भाच्यावर ही वेळ कळंबला आली. नालासोपारा पश्चिमेकडून निर्मळमार्गे समुद्राकडे निघालं की कळंब येतं. सुरूची झाडं, किनारा आणि रिसॉर्टांच्या पाट्या. मुंबईकरांची एक दिवसाची सहल म्हणजे सकाळचा नाश्ता, तरणतलाव, दुपारचं जेवण, चहा-भजी आणि संध्याकाळी चेंगराचेंगरीची लोकल. भाचा अशा जागांची छोटी चित्रफीत करतो आणि खाली चार परिच्छेद लिहितो. त्याला बऱ्यापैकी लोक बघतात. एका रिसॉर्टच्या मालकाचा फोन आला : ‘दादा, मंगळवारी या, वहिनींना घेऊन या. पैशाचं काही बोलू नका. फक्त दोन शब्द चांगले लिहा.’

भाचा माझ्याकडे आला, कारण मी पुस्तक-परीक्षणं लिहितो आणि आयुष्यभर फुकट पुस्तकं घेत आलो आहे.

हे खरं आहे. आमच्या धंद्यात पुस्तक अभिप्रायासाठी येतं, बहुधा दोन प्रती, पहिल्या पानावर लेखकाची सही आणि ‘स्नेहादरपूर्वक’. पण मराठी मासिकांनी याची सोय फार पूर्वी करून ठेवली आहे. अंकाच्या शेवटी बारीक टाइपात ‘साभार पोच’ नावाची यादी असते : पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, पृष्ठं, किंमत. पुस्तक विकत घेतलेलं नाही, आलेलं आहे, हे त्या यादीने उघडपणे कबूल केलेलं असतं. शिवाय किंमतही छापलेली असते, म्हणजे फुकट आलेल्या वस्तूला वाचकाला किती मोजावे लागतील तेही कळतं.

पोच दिल्यावर मात्र आमची मंडळी मिठाला जागतात. कवितासंग्रह हातात धरवत नसेल तर ‘छपाई सुबक आहे’ असं लिहायचं. कादंबरी शंभराव्या पानाला बंद केली असेल तर ‘लेखकाचा प्रयत्न स्तुत्य आहे’. अगदीच काही सुचलं नाही तर मुखपृष्ठ बोलकं असतं आणि पुढील लेखनास शुभेच्छा असतात. मुरलेला वाचक यातून खरं काय ते ओळखतो. कळंबला सहकुटुंब निघालेला माणूस मुरलेला नसतो. त्याला ‘परिसर प्रसन्न आहे’ म्हणजे परिसर प्रसन्न आहे असंच वाटतं.

भाच्याने पहिला मजकूर दाखवला. वर सूर्यास्त, मग चार ओळी कौतुक, आणि सर्वांत खाली हॅशटॅगांच्या रांगेत एकविसावं की बाविसावं `#collab`. मी म्हटलं, ‘हे कुणासाठी लिहिलंस?’ तो म्हणाला, ‘मामा, नियम आहे ना.’

नियम आहे, पण असा नाही. भारतीय जाहिरात मानक परिषदेने, म्हणजे मुंबईतल्या ‘आस्की’ने, २०२१ साली समाजमाध्यमांवर शिफारस करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. खुलासा अगदी सुरुवातीला हवा, ‘आणखी वाचा’ दाबल्यावर दिसेल असा नको आणि हॅशटॅगांच्या गर्दीत पुरलेला नको. पंधरा सेकंदांपर्यंतच्या चित्रफितीत तो निदान तीन सेकंद दिसला पाहिजे. त्याहून लांब, पण दोन मिनिटांच्या आतली असेल, तर एक तृतीयांश वेळ. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने आपली पुस्तिका काढली. रोख पैसे मिळाले तरच सांगायचं, असा बऱ्याच जणांचा समज असतो. पण फुकट वस्तू, सवलत, भेट, हॉटेलातला मुक्काम, इतकंच काय मालकाशी नातं, हे सगळं सांगण्याजोग्या संबंधात येतं. अट घालून दिलं की प्रेमाने, याने फरक पडत नाही. खुलासा साध्या भाषेत असावा, आणि माझ्या मते मजकूर मराठीत असेल तर तोही मराठीत. ‘कोलॅब’ वाचून विरारच्या आजीला दोन दुकानांची भागीदारी झाली असं वाटायचं.

मग आम्ही पहिली ओळ अशी केली : ‘या रिसॉर्टने मला आणि बायकोला एक दिवस फुकट बोलावलं होतं. पैसे भरून गेलात तर त्या दिवशीचा दर माणशी १,००० रुपये. आम्ही येणार हे त्यांना माहीत होतं. हे लिखाण त्यांना आधी दाखवलेलं नाही.’ चार वाक्यं, आणि प्रत्येकाचं काम वेगळं. पहिल्यात काय मिळालं ते, दुसऱ्यात त्याची किंमत, तिसऱ्यात आपली किती बडदास्त झाली असेल याचा अंदाज, चौथ्यात लेखणी कुणाच्या हातात होती ते. शेवटचं वाक्य खरं राहावं म्हणून मालकाला आदल्या दिवशीच कळवलं की फुकट आलो हे लिहिणार, जे दिसेल ते लिहिणार, आणि मजकूर आधी पाठवणार नाही. चालत नसेल तर येत नाही. जेवून हात धुतल्यावर हे सांगायला फार जड जातं.

भाच्याला वाटलं, झालं काम. एकदा फुकट म्हटलं की मनसोक्त कौतुक करायला मोकळे! नेमकी इथेच गोम आहे. अमेरिकेत केन, लोवेनस्टीन आणि मूर या तिघांनी २००५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. नाण्यांनी भरलेल्या बरणीत किती रक्कम आहे याचा अंदाज काही लोकांनी लांबून करायचा. बरणी जवळून पाहिलेले सल्लागार त्यांना मदत करणार. काही सल्लागारांचा फायदा मात्र समोरच्याने जास्तीचा आकडा सांगण्यात होता. हा फायदा उघड केला तेव्हा त्या सल्लागारांनी आकडे आणखी फुगवले, आणि ऐकणाऱ्यांनी जितकं वजा करायला हवं होतं तितकं केलं नाही. सांगून टाकलं की मन हलकं होतं, आणि हलकं मन भरपूर थापा मारतं.

म्हणून खुलासा लिहून झाला की खरं काम सुरू होतं. फुकट गेलेल्या पाहुण्याने आपल्या ताटाकडे कमी आणि शेजारच्या ताटाकडे जास्त बघावं. एरवी हा असभ्यपणा. इथे तोच पुरावा. भाच्याच्या ताटात पापलेट आलं. पॅकेजच्या फलकावर नुसतं ‘एक मासा’ होतं. पलीकडे पैसे भरून आलेल्या कांदिवलीच्या कुटुंबाच्या ताटात बांगडा होता. भाच्याने लिहिलं : ‘मला पापलेट मिळालं, शेजारी बांगडा होता. तुम्ही बांगडा धरून चला. त्यांनी तो आवडीने खाल्ला.’ या तीन वाक्यांत बांगड्याची बदनामी नाही, मालकाची नाही, आणि वाचकाची फसवणूकही नाही.

दुसरी गोष्ट वाराची. मंगळवारी तरणतलावात तो, बायको आणि एक कावळा. वाचक जाणार रविवारी. रविवार पाहिलेलाच नाही तर त्याबद्दल लिहिता येत नाही, पण मोजता येण्यासारखं बरंच असतं. कपडे बदलायच्या खोल्या पुरुषांसाठी तीन, बायकांसाठी तीन. जेवणघरात बाकडी किती. तरणतलावावर जीवरक्षक आहे की फक्त तशी पाटी. हे आकडे मंगळवारी आणि रविवारी सारखेच राहतात. दर विचारायला त्याने आईला, म्हणजे माझ्या ताईला, फोन करायला लावलं, कारण आपल्या नंबरवर मालक ‘दादा, तुमच्याकडून काय घ्यायचं’ म्हणाला असता. ताईला सांगितलं गेलं की रविवारी माणशी १,४००, पाण्यात उतरायला नायलॉनचा पोशाख सक्तीचा, नसेल तर भाडं शंभर, अनामत वेगळी. चौघांचं कुटुंब म्हणजे ५,६०० आणि पोशाखांचे चारशे. सहा हजारांचा हा हिशेब फुकट गेलेल्या माणसाच्या डोक्यात आपोआप येत नाही. त्याच्या खिशाला तो दिवस हलका गेलेला असतो.

त्यामुळे ‘पैसा वसूल’ हे शब्द मी त्याला खोडायला लावले. वसूल व्हायला आधी पैसा जावा लागतो. त्याऐवजी त्याने स्वतःला विचारलं, ‘मी सहा हजार भरून रविवारी इथे येईन का?’ उत्तर आलं, ‘पावसाळा सोडून, आणि मंगळवारी.’ ते तसंच लिहिलं.

सवलतीचं प्रकरण याहून अवघड. फुकट हे निदान पूर्ण फुकट असतं. ‘तीस टक्के सूट’ कशावर, ते पाहावं लागतं. फलकावर दोन हजार लिहून सगळ्यांनाच चौदाशेत देत असतील तर ती सूट कसली, तो दरच झाला. म्हणून टक्के न लिहिता आपण दिलेले रुपये आणि त्याच दिवशी दुसऱ्याने दिलेले रुपये लिहावेत. आणि एक सूट अशी आहे की तिच्यावर खुलाशाचाही इलाज नाही. बिलाच्या टेबलावर चिकटवलेला चौकोनी कोड, ‘पाच तारे द्या, दहा टक्के कमी’. गूगल मॅप्सच्या धोरणात पैसे, सवलत किंवा फुकट वस्तूच्या बदल्यात दिलेला अभिप्राय बसतच नाही. वर प्रामाणिकपणे लिहिलं तरी नाही. तिथे भाच्याने तारा दिला नाही. फुकट पाहुण्याने तिथे गप्प बसावं, हेच बरं.

मजकूर प्रसिद्ध झाला आणि संध्याकाळी मालकाचा फोन आला. आम्हाला बांगड्याची भीती होती. बांगड्याबद्दल तो अवाक्षर बोलला नाही. खोल्या तीनच आहेत हेही त्याला मान्य होतं, पुढच्या मोसमाआधी वाढवायच्या आहेत म्हणाला. त्याची विनंती एवढीच : ‘दादा, बाकी सगळं राहू द्या, तेवढी पहिली ओळ काढा ना. सकाळपासून सतरा जणांचे फोन आले, आम्हालाही फुकट बोलवा म्हणून.’

भाच्याने ओळ काढली नाही. मालकाला उगाच संशय नको म्हणून मी त्याला सांगितलं नाही, पण त्या सतरांत एक फोन आमच्या ताईचा होता.