हेरगिरीला रिकामी जागा नाही

अमेरिकेच्या व्हिसाचा DS-160 भरताना कोणता रकाना सक्तीचा आहे हे शोधायची सोपी युक्ती आहे: पान कोरं ठेवा आणि Next दाबा. लाल अक्षरांत यादी येते. Optional लिहिलेली पत्त्याची दुसरी ओळ त्यातून सुटते. बाकी बऱ्याच ठिकाणी सुटका हवी तर Does Not Apply वर खूण करायची. म्हणजे 'लागू नाही' हेही सांगणं सक्तीचंच.

या सुटकेचं वाटप मोठं मजेदार. वडिलांच्या नावापुढे Do Not Know चा चौकोन आहे. तीर्थरूप कोण हे माहीत नसलं तरी साहेबाचं काही अडत नाही. पण गेल्या पाच वर्षांत कुठल्या समाजमाध्यमावर होतात, हे सांगावंच लागतं. नसलात तर यादीतून NONE निवडा. प्रवासाचा बेत पक्का नाही म्हणालात, तरी पोहोचण्याची तारीख आणि उतरण्याचा पत्ता द्या!

सगळ्यात कडक पानं सुरक्षेची. हेरगिरी करायला येताय का? दहशतवादी आहात का? इथे 'माहीत नाही' चालत नाही. हो किंवा नाही. आजवर किती हेरांनी प्रामाणिकपणे 'हो' म्हटलं असेल, देव जाणे.

या विचारात रमू मात्र नका. वीसेक मिनिटं हालचाल नसली की सत्र संपतं. अर्जाचा क्रमांक आधीच लिहून ठेवा आणि Save दाबत राहा.