आभारप्रदर्शन, आणि लगेच कोळीनृत्य

पुण्यात डिसेंबर उजाडला की शाळाशाळांतून स्नेहसंमेलनाची वाटणी सुरू होते. सूत्रसंचालनासाठी चढाओढ असते, कारण तीन तास पैठणी नेसून माईकपाशी उभं राहता येतं. अहवालवाचन मुख्याध्यापकांचं, प्रास्ताविक उपमुख्याध्यापकांचं, पाहुण्यांची ओळख करून द्यायला मराठीचे सर असतातच. ‘आणि आभार?’ असं कोणी विचारलं की स्टाफरूममधल्या सगळ्यांना एकाच वेळी वह्या तपासायची आठवण होते. शेवटी ते काम शाळेत सर्वांत उशिरा रुजू झालेल्या बाईंकडे जातं. म्हणजे ज्यांना अजून कोणाचंच नाव नीट ठाऊक नाही, त्यांनी सगळ्यांची नावं घ्यायची.

नावं काही थोडीथोडकी नसतात. पुण्यातली मराठी शाळा बहुधा एखाद्या जुन्या संस्थेची असते. महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटीचा उगम 1860 सालचा, डेक्कन एज्युकेशन सोसायटी 1884 ची. चिपळूणकर आणि टिळकांनी 1880 मध्ये न्यू इंग्लिश स्कूल काढलं, तेव्हा शिक्षक इतके मोजके होते की आभार मानायचे तर एकमेकांचेच मानावे लागले असते. आता संस्थेचं नियामक मंडळ असतं, शालासमिती असते, पालक-शिक्षक संघ असतो, माजी विद्यार्थी मंडळ असतं, आणि प्रत्येकाचे पदाधिकारी पहिल्या रांगेत बसलेले असतात. कोण कोणाच्या आधी, हे बाईंना कोणी सांगत नाही. चुकलं की मात्र सगळे सांगतात.

एक साधा हिशेब करून पाहावा. नाव, हुद्दा आणि ‘आपल्या बहुमूल्य वेळातून वेळ काढून’ एवढं म्हणायला सावकाश बोललं तर 10 सेकंद लागतात. अशी 18 नावं झाली की 3 मिनिटं तिथेच गेली, आणि अजून मांडववाल्यांचा पत्ता नाही. त्यात काही वक्त्यांना पाहुण्यांचं भाषण पुन्हा थोडक्यात सांगायची हौस असते. पाहुण्यांनी 25 मिनिटं सांगितलेलं श्रोत्यांच्या लक्षात राहिलं नसेल, या काळजीने ते आणखी 5 मिनिटं घेतात. शिवाय ‘त्यांच्या ऋणातच राहणे आम्हाला आवडेल’ हे ठेवणीतलं वाक्य असतंच. ते ऐकून मांडववाले जरा अस्वस्थ होतात, कारण त्यांचं बिल अजून निघायचं असतं.

हा रोग काही पुण्याचा एकट्याचा नाही. 1943 च्या ऑस्कर सोहळ्यात ‘मिसेस मिनिव्हर’साठी पारितोषिक घेताना ग्रीअर गार्सन ही अभिनेत्री पाच मिनिटांहून अधिक बोलली आणि त्याची चर्चा वर्षानुवर्षं चालली. आता तिथे 45 सेकंदांची मर्यादा आहे. त्यापुढे गेलं की वाद्यवृंद वाजू लागतो. आपल्याकडे वाद्यवृंद नाही, पण विंगेत कोळीनृत्याची 16 मुलं उभी असतात. त्यांच्या गालांवरची लाली घामाने ओघळू लागलेली असते, ड्रेपरीवाल्याकडून आणलेल्या लुगड्याचा काष्टा कोणाचा तरी सुटलेला असतो, आणि ‘बाई, आता तरी जाऊ का?’ हा प्रश्न पडद्याआडून पाचव्या रांगेपर्यंत ऐकू येतो.

मग आभार सगळ्यात शेवटी ठेवले तर? तोही प्रयोग होऊन गेला आहे. शेवटचा नाच संपला की पालक आपापलं मूल शोधायला मेकअपच्या खोलीकडे धावतात, पाहुणे केव्हाच गाडीत बसलेले असतात, आणि आभार ऐकायला फक्त खुर्च्या उरतात. मैदानावरच्या संमेलनात आणखी एक अडचण असते. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार उघड्यावरचा ध्वनिक्षेपक रात्री 10 ला बंद करावा लागतो. नाट्यगृहात तो प्रश्न नाही, पण तिथे पुढच्या प्रयोगाचं नेपथ्य मागच्या दाराशी येऊन थांबलेलं असतं. तेव्हा आभारांची जागा एकच: अध्यक्षीय भाषणानंतर आणि विविध गुणदर्शनाच्या आधी. वेळ दोन मिनिटं. सावकाश मराठीत तेवढ्यात दोनशेच्या आसपास शब्द होतात, आणि ते पुरून उरतात.

पुरतात कसे, ते पाहायचं तर बाईंच्या हातातला कागद पाहावा. तो त्यांनी आदल्या दिवशी शाळेच्या हेडक्लार्कना दाखवलेला असावा. संस्थेत कोण सध्या कार्याध्यक्ष आहे आणि कोण गेल्या जूनपासून माजी झालं, हे शाळेत त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं. अक्षर ठळक हवं, कारण ‘आभार’ हा शब्द कानावर पडताच प्रकाशयोजनेवाला समोरचे दिवे मंद करायला घेतो. आणि पहिल्या दोन ओळी कोऱ्या हव्यात. त्या पाहुण्यांचं भाषण चालू असताना भरायच्या. भाषणातला एकच तपशील उचलायचा. बाईंनी ऐकलं, एवढं पाहुण्यांना कळलं की पुरे.

समजा, पाहुण्या बाई शाळेच्याच माजी विद्यार्थिनी आहेत आणि आज शास्त्रज्ञ आहेत. मग आभार असे होऊ शकतात (रिकाम्या जागी नावं घालावीत):

‘सन्माननीय अध्यक्ष, प्रमुख पाहुण्या आणि पालकहो. ताई, सहामाहीत गणितात नापास झाल्याचं तुम्ही सांगितलंत, तेव्हा मागच्या तीन रांगांनी टाळ्या वाजवल्या. या वर्षीच्या पहिल्या टाळ्या त्या रांगांकडून तुम्ही मिळवल्यात, त्याबद्दल शाळा तुमची आभारी आहे. संस्थेच्या नियामक मंडळाचे आणि शालासमितीचे सर्व पदाधिकारी आवर्जून आले, त्यांचे मनापासून आभार. आमच्या सेवकवर्गातल्या … काकांनी पहाटे शाळा उघडून या सगळ्या खुर्च्या मांडल्या आणि रात्री त्या तेच उचलणार आहेत. ध्वनिव्यवस्थेचे … दादा, आज माईकने एकदाही शिट्टी घातली नाही. पालकहो, कोळ्यांच्या टोपल्या आणि कागदी मासे यांसाठी तुम्ही तुळशीबाग आणि बोहरी आळी पालथी घातलीत. ते मासे आता रंगमंचावर येत आहेत. सर्वांचे आभार.’

याला एक मिनिट लागतं. क्रम पाळला आहे: आधी पाहुणे, मग संस्था, मग राबणारे हात, मग पालक. पदाधिकाऱ्यांचे आभार एकत्र आणि कामाचे आभार नावानिशी, ही यातली खरी मेख. पदाधिकाऱ्याचं नाव निमंत्रणपत्रिकेत छापलेलं असतंच. काकांचं कुठेही नसतं. एखादे कार्याध्यक्ष स्वतःचं नाव ऐकायला कान टवकारून बसले असतील, तर तेवढं एक जास्तीचं घ्यावं. शाळेला अनुदानाइतकीच शांतताही लागते.

‘अनवधानाने कोणाचे नाव राहिले असल्यास क्षमस्व’ हे वाक्य मात्र काढून टाकावं. ते ऐकल्याबरोबर सभागृहातला प्रत्येक जण आपलं नाव राहिलं का, हे आठवू लागतो, आणि निम्म्यांचं राहिलेलंच असतं. खरोखर कोणी राहिलं, तर त्यांना दुसऱ्या दिवशी गाठून चहा पाजावा. स्टाफरूमचा इतिहास पाहता, राहून गेलेल्या बहुधा पर्यवेक्षिकाच असतात, आणि ती यादी त्यांनीच करून दिलेली असते.

येत्या संमेलनात पालकांनीही थोडी मदत करावी. ‘आता आभारप्रदर्शन’ हे शब्द ऐकताच बटाटेवड्याच्या स्टॉलकडे निघू नये. वडे पुढे दोन मिनिटंही गरमच राहतात, आणि काकांना आपलं नाव माईकवर ऐकायला वर्षातून एवढाच दिवस मिळतो.