१७ रुपये ७० पैशांचं गूढ

आपल्या सोलापुरात शेंगाचटणीवालासुद्धा पुडीवर वजन नि भाव लिहून देतो. पासबुकावर मात्र नुसतं ‘चार्जेस’ छापलेलं असतं, पुढे १७.७०. कशाचे, ते बँक आणि सिद्धेश्वर जाणे! काउंटरवर विचारलं तर उत्तर ठरलेलं, ‘‘काका, सिस्टीमनं कापलेत.’’ ही सिस्टीमबाई कापायला हजर असते, खुलाशाच्या वेळी मात्र नेमकी रजेवर जाते.

गूढ उकलायला भागाकार पुरतो. आकड्याला १.१८ नं भागा, म्हणजे १८ टक्के जीएसटी गळून पडतो. १७.७० चे १५ उरले तर तो बहुधा तिमाहीचा एसएमएस आकार, १४७.५० चे १२५ उरले तर बहुधा एटीएम कार्डाची वार्षिक फी.

मग साध्या कागदावर अर्ज द्यायचा. तारीख आणि रक्कम लिहून विचारायचं, ही कपात तुमच्या दरपत्रकातल्या कोणत्या ओळीत बसते? तिमाहीत मला मेसेज किती पाठवले? कारण एसएमएसचा आकार प्रत्यक्ष वापरानुसारच घ्यावा, असं रिझर्व्ह बँकेनं नोव्हेंबर २०१३ मध्येच बजावलंय. हिशेब जुळत नसेल तर जीएसटीसकट परतावा मागायचा आणि प्रतीवर शिक्का नि तारीख घ्यायचीच.

३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. तिला फी नाही. फुकट सेवा मिळते म्हटल्यावर बँकेला धक्का बसणं स्वाभाविकच!