मरणाची सोय, व्याजासकट

बँकेचा आपल्यावर किती जीव आहे, हे कर्ज काढल्याशिवाय कळत नाही. बचत खात्यात चार पैसे पडून असतात तोवर तिला तुमच्या तब्येतीशी काही देणंघेणं नसतं. कर्जावर सही झाली, की तुमच्या मरणाच्या काळजीने तिची झोप उडते.

रत्नागिरीत आमच्या शेजारच्या काकांनी पावसाआधी कौलं उतरवून पत्रे घालायला तीन लाखांचं वैयक्तिक कर्ज घेतलं. व्याज १४ टक्के, मुदत पाच वर्षं. खात्यात तीन लाख आले, महिना ७,२६० रुपये कापले जाऊ लागले. लेकीने मोबाइलवर हिशेब केला तर ईएमआय ६,९८०च्या आसपास बसत होता. मग वरचे २८० कोणाच्या नावाने? मंजुरीपत्र उघडलं, तर कर्ज ३,१२,००० रुपयांचं! वरचे १२,००० म्हणजे कर्जाला जोडलेल्या ग्रुप विम्याचा एकरकमी प्रीमियम. तोही कर्जातच मिसळलेला, त्यामुळे पाच वर्षांत काका त्याचे पावणेसतरा हजार भरणार. आपण मेल्यावर बँकेचे पैसे बुडू नयेत, म्हणून काकांनी बँकेकडूनच उसने घेतले होते.

काका शाखेत गेले.

"काका, तुम्ही ओटीपी दिलात ना?"

"तो कर्जाचा म्हणून दिला."

"त्यातच सगळं येतं हो."

खरी गंमत विम्याच्या प्रमाणपत्रासोबतच्या आरोग्य घोषणेत होती. मधुमेह आहे का? नाही. काकांच्या फ्रिजमध्ये दुधाच्या पिशवीशेजारी गेली कित्येक वर्षं इन्सुलिन असतं. पण खूण करणाऱ्याने फ्रिज पाहिला नव्हता, काकांनाही विचारलं नव्हतं. विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार पहिली तीन वर्षं कंपनी अशा चुकीच्या माहितीवर बोट ठेवून दावा नाकारू शकते. म्हणजे काकांनी मरायचं तर चौथ्या वर्षी. तेव्हाही पैसे आधी थकीत कर्जात जाणार, उरलेच तर काकूंना.

रिझर्व्ह बँकेने हे ओळखून १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ कर्जांना 'की फॅक्ट स्टेटमेंट' सक्तीचं केलं आहे. कर्जदाराला कळेल अशा भाषेत हा कागद द्यायचा, विम्यासारखे तिसऱ्याच्या वतीने घेतलेले पैसे वार्षिक खर्चाच्या दरात धरायचे, आणि त्यात न लिहिलेलं शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय घ्यायचं नाही. काकांचं स्टेटमेंट इंग्रजीत होतं. विम्याची ओळ मात्र होती, बारीक अक्षरात. बँक काही अगदीच वेंधळी नसते.

सुटकेची वाट आहे, पण घड्याळ लावलेली. पॉलिसीचा कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांचा 'फ्री लुक' काळ असतो. त्यात कारण लिहून विमा रद्द करता येतो. तेवढ्या दिवसांच्या जोखमीचे पैसे, मुद्रांक शुल्क आणि तपासणी झाली असेल तर तिचा खर्च वजा करून प्रीमियम परत मिळतो. म्हणून कागद कधी, कुठे आला हे जपून ठेवायचं. तीस दिवस उलटले, की हाती येते ती सरेंडर व्हॅल्यू, बरीच रोडावलेली. मग 'रद्द करा' म्हणून भागत नाही. 'मी संमती दिलीच नाही' असं लिहून सही केलेला प्रस्ताव अर्ज, कॉलचं रेकॉर्डिंग आणि ओटीपीसोबत आलेला मजकूर मागायचा.

हे पत्र एकाच वेळी बँकेला आणि विमा कंपनीला द्यावं. नाहीतर बँक म्हणते, "विमा कंपनीचं आहे," आणि कंपनी म्हणते, "मास्टर पॉलिसी बँकेची आहे." काकांना ही येरझार फुकट घडली. ३० दिवसांत दाद लागली नाही, तर बँकेविरुद्ध रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, विमा कंपनीविरुद्ध विमा लोकपाल. शिवाय जिल्हा ग्राहक आयोग आहेच.

अजून एक मेख आहे. परतावा बहुधा कर्जखात्यात जमा होतो आणि ईएमआय ७,२६०च राहतो. त्यामुळे पत्रातच लिहायचं, की प्रीमियमवर लावलेलं व्याज परत करा आणि ईएमआय नव्याने काढून द्या.

ब्रिटनमध्ये हाच धंदा पीपीआय नावाने इतका माजला होता, की बँकांना सुमारे ३८ अब्ज पौंड परत करावे लागले. लोकांनी मुदतीत दावा करावा म्हणून तिथल्या नियामकाने जाहिरातीत अर्नोल्ड श्वार्झनेगरचं यांत्रिक मुंडकं फिरवलं. आपल्याकडे नोव्हेंबर २०२४ मध्ये अर्थमंत्र्यांनी बँकांना सुनावलं, की अशा गळ्यात मारलेल्या विम्याने कर्ज महाग होतं. मुंडकं काही आलं नाही.

काकांचे तीस दिवस संपले नव्हते. त्यांना रद्द करण्याचा फॉर्म मिळाला. कारणाच्या रकान्यात तीन चौकोन होते: 'आर्थिक अडचण', 'दुसरा विमा आहे', 'इतर'. काकांनी 'इतर'वर खूण करून पुढे लिहिलं, "मी मागितला नव्हता." काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, असं नाही लिहायचं. नुसतं 'वैयक्तिक कारण' लिहा."